पावसाळी फोटोत रेनकोट आणि गमबूट कसे घालायचे? ओल्या प्लॅस्टिकची चमक नेमकी कुठून येते?

मालवण, तारकर्ली, देवबाग इथले पावसाळी फोटो जून-जुलैत सोशल मीडियावर भरपूर दिसतात. हिरवेगार माड, लाल जांभा, करडं आभाळ, सगळं छान जमलेलं असतं. पण फोटोतली व्यक्ती साध्या कुर्त्यात आणि चपलांत उभी असते. मग एडिटिंग करून तिला पिवळा रेनकोट आणि काळे गमबूट घातले जातात. कपडे अंगावर नीट बसतात, कडाही व्यवस्थित कापलेल्या असतात, तरी पाहणाऱ्याला लगेच कळतं की हे नंतर चिकटवलंय.

बहुतेक वेळा चूक कापण्यात नसते, ती चमकेत असते. ओल्या प्लॅस्टिकवर दिसणारी चमक म्हणजे समोरच्या आकाशाचं आणि जमिनीचं प्रतिबिंब. त्यामुळे फोटोत घातलेल्या रेनकोटावर त्याच फोटोतलं आभाळ दिसायला हवं. दुकानाच्या जाहिरातीतून उचललेल्या रेनकोटावर स्टुडिओतले दिवे दिसत असतात, आणि तिथेच फोटो फसतो.

ढगाळ आभाळाचा उजेड कसा असतो?

भर पावसात सूर्य दिसत नाही. उजेड एका बाजूने येत नाही, तो अख्ख्या आभाळातून खाली झिरपतो. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर सर्वांत उजळ असतं. प्रकाशशास्त्रातल्या प्रमाणित ढगाळ आकाशात माथ्यावरची उजळता क्षितिजाजवळच्या उजळतेच्या तिप्पट धरली जाते. म्हणून अशा फोटोत वर तोंड असलेल्या जागा उजळ दिसतात, म्हणजे टोपीचा माथा, खांदे, बुटाचा पंजा. हनुवटीखालचा, काखेतला आणि कोटाच्या घेराखालचा भाग मंद असतो. एका बाजूला पडलेली ठळक सावली अशा फोटोत नसतेच.

दुकानातल्या फोटोंत मात्र कोटाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. ते स्टुडिओतल्या दिव्यांचं प्रतिबिंब असतं. ते कितीही फिकं केलं तरी ढगाळ आभाळासारखं दिसत नाही. त्यामुळे सोपा मार्ग म्हणजे खरा रेनकोट आणि गमबूट ढगाळ दिवशी अंगणात नेऊन, कुणाला तरी घालायला लावून, त्यांच्यावर पाणी शिंपडून फोटो काढणं. कॅमेऱ्याची उंची मूळ फोटोइतकीच ठेवायची. उंचीचं महत्त्व बुटांत कळतं. छातीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत गमबुटाचं वरचं तोंड लंबगोल दिसतं, तर जमिनीलगत काढलेल्या फोटोत ते दिसतच नाही.

एक उदाहरण: खळ्यातला फोटो

समजा, मालवणजवळच्या एका घराच्या खळ्यात जुलैतल्या दुपारी फोटो काढलाय. पायाखाली जांभ्याचे चिरे, त्यावर पाण्याचा पातळ थर, मागे माड आणि शेवाळलेला गडगा. वरच्या कोपऱ्यात थोडं आभाळ दिसतंय. फोटोतल्या मुलीने फिकट कुर्ता आणि चपला घातल्या आहेत. काम जीआयएमपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करायचं आहे.

पहिलं काम बसवण्याचं. कोट आणि दोन्ही बूट वेगवेगळ्या लेअरवर ठेवायचे. रेनकोट शरीरापेक्षा सैल असतो, त्यामुळे तो कुर्त्याला सगळीकडून झाकेल एवढा मोठा हवा. तो कुर्त्याच्या आकारात दाबून बसवला तर कोट नाही, रंगवलेला शर्ट वाटतो. बुटाबाहेर चपलेचं टोक डोकावत असेल तर `Clone` टूलने शेजारचा जांभा तिथे आणायचा. नको असलेले भाग खोडून टाकायचे नाहीत, लेअर मास्कने झाकायचे. चूक झाली तर ते परत आणता येतात.

दुसरं काम उजेडाचा पल्ला जुळवण्याचं. पावसाळी फोटोत हवेतल्या पाण्यामुळे मागचं सगळं किंचित पांढरट होतं, आणि गडद रंग पूर्ण काळे राहत नाहीत. `Color Picker` ने मुलीच्या केसांतली सर्वांत गडद जागा आणि आभाळाची सर्वांत उजळ जागा तपासायची. मग `Colors > Curves` मध्ये कोट आणि बूट या दोन मर्यादांच्या आत आणायचे. गमबूट केसांपेक्षाही काळे असतील तर ते फोटोत छिद्र पडल्यासारखे दिसतात. कोटावरची चमक आभाळापेक्षा उजळ असेल तर तो आतून पेटल्यासारखा वाटतो.

चमक कशी रंगवायची?

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पिवळ्या कोटावर फिकट पिवळी चमक काढणं. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून थेट परतणारा उजेड प्लॅस्टिकचा रंग घेत नाही. तो ज्या गोष्टीकडून आला तिचाच रंग ठेवतो. पिवळा रंग येतो तो आत शिरून परतलेल्या उजेडातून. म्हणून ढगाळ दिवशी पिवळ्या कोटावरची चमक करडी-पांढरीच असते. तिचा रंग फोटोतल्या आभाळातून `Color Picker` ने उचलायचा.

चमक किती द्यायची, हे पृष्ठभागाच्या कोनावर ठरतं. प्लॅस्टिककडे समोरून पाहिलं तर त्यावरून शेकडा चारच्या आसपास उजेड थेट परततो. नजर तिरकी होत जाते तसं हे प्रमाण झपाट्याने वाढतं. त्यामुळे छातीवरचा, कॅमेऱ्याकडे तोंड केलेला भाग जवळपास शुद्ध पिवळा दिसतो आणि बाह्यांच्या, खांद्यांच्या वळत्या कडा करड्या-पांढऱ्या होतात. सगळ्या कोटावर सारखी चमक दिली तर तो ओला न दिसता मेणचट दिसतो.

प्रत्यक्षात एक नवा लेअर घ्यायचा, त्याचा मोड `Screen` ठेवायचा आणि `Opacity` ३० ते ४० पासून सुरुवात करायची. मोठ्या, मऊ ब्रशने खांदे आणि टोपीचा माथा हलके उजळवायचे. नंतर बारीक ब्रशने घड्यांवर यायचं. प्लॅस्टिकची घडी कापडासारखी गोलसर नसते, ती कोनदार मोडते. त्यामुळे चमकेची एक कड धारदार आणि दुसरी मऊ ठेवली की ते प्लॅस्टिक वाटतं.

ओलेपणा दाखवताना आणखी एक फरक लक्षात ठेवायचा. सुती कापड पाणी पितं आणि गडद होतं. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे अख्खा कोट गडद करायची गरज नसते. त्यावर थेंब उभे राहतात आणि काही थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळतात. थेंबाची छटा मात्र अपेक्षेच्या उलट असते. वरच्या बाजूला आभाळाचा छोटा ठिपका चमकतो, त्याखालचा भाग गडद असतो आणि तळाशी पुन्हा उजळ कड दिसते, कारण वरून आत आलेला उजेड थेंब वाकवून खाली जमा करतो. असे थेंब कोटभर सारख्या अंतरावर पेरू नयेत. छातीवर आणि बाह्यांवर ते ठिपक्यांसारखे दिसतात, कोटाच्या खालच्या घेरावर लोंबतात.

गमबूट जमिनीशी कसे जोडायचे?

काळ्या बुटाचा स्वतःचा रंग मंद असल्यामुळे प्रतिबिंब त्याच्यावर सर्वांत स्पष्ट दिसतं. पंजाचा वरचा भाग घुमटासारखा असतो, त्यावर आभाळाचा रुंद करडा डाग येतो. बुटाची उभी नळी मागच्या-पुढच्या झाडांचं प्रतिबिंब दाखवते, म्हणून तिथे गडद हिरवट उभे पट्टे असतात. आणि तळव्याजवळच्या कडेला ओल्या जांभ्याचा तांबूस रंग चढतो. हा तांबूस रंग जमिनीतून उचलून दहा-पंधरा टक्के `Opacity` ने दिला तरी बूट त्याच खळ्यातला वाटू लागतो.

बूट तरंगू नये म्हणून `Multiply` मोडचे दोन लेअर लागतात. एक तळव्याला लागून अरुंद आणि गडद, दुसरा त्याभोवती पसरट आणि फिका. सावलीचा रंग काळा घेऊ नये, चिऱ्यांच्या सांध्यातला गडद तपकिरी घ्यावा.

ओल्या जमिनीवर बुटाचं प्रतिबिंबही हवं. त्यासाठी बुटाची प्रत उभी उलटवून तळव्याखाली ठेवायची. दोन्ही बूट एकत्र उलटवले तर एक पाय पुढे असताना मागच्या पायाचं प्रतिबिंब जागेवरून सरकतं. म्हणून प्रत्येक बूट वेगळा उलटवायचा आणि आपापल्या टेकणाऱ्या जागेला जोडायचा. जांभा खडबडीत असतो, त्यामुळे पाणी साचलेल्या जागीच प्रतिबिंब दिसू द्यायचं, बाकीचं मास्कने झाकायचं.

शेवटची तपासणी

मूळ फोटोत पावसाच्या रेषा असतील तर त्या कोटाच्या कडेशी अचानक थांबलेल्या दिसतात. कोटावरही तशाच तिरकसपणाच्या, तेवढ्याच पुसट रेषा `Screen` मोडवर आणाव्या लागतात. कमी उजेडात मोबाइलने काढलेल्या फोटोत बारीक दाणे असतात. नवे कपडे त्यापेक्षा स्वच्छ दिसत असतील तर `Filters > Noise` मधून थोडे दाणे घालायचे.

त्यानंतर फोटो क्षणभर कृष्णधवल करून पाहायचा. रंग गेल्यावर उजेडातली तफावत लगेच दिसते. शेवटी तो अंगठ्याएवढा लहान करायचा. तेवढ्यातही नजर आधी रेनकोटाकडेच ओढली जात असेल, तर पिवळा रंग अजून भडक आहे.

फोटोसोबत काय लिहायचं?

घराच्या खळ्यात रेनकोट घातल्याने कुणाचं नुकसान होत नाही. किनाऱ्यावरच्या फोटोचं तसं नाही. यांत्रिक नौकांना १ जूनपासून मासेमारीबंदी असते, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूकही पावसाळ्यात बंद असते, कारण समुद्र खवळलेला असतो. लाटांजवळच्या खडकावर उभ्या माणसाला एडिटिंगमध्ये रेनकोट आणि गमबूट घातले, की 'तयारीने गेलं तर इथे उभं राहता येतं' असा संदेश जातो. प्रत्यक्षात शेवाळलेल्या खडकावर गमबूट घसरतो, आणि पाण्यात पडल्यावर त्यात पाणी भरून पाय जड होतो. असा फोटो एडिट न केलेलाच बरा. बाकी फोटोंखाली 'रेनकोट आणि बूट एडिटिंगमध्ये घातले आहेत' ही एक ओळ पुरते. बातमीसाठी पाठवायच्या फोटोत मात्र हे बदल करूच नयेत.