समुद्रातले मासे मोजायचे कसे? न्यूफाउंडलंडच्या कॉडची गोष्ट

मत्स्यसाठ्यावर काम करायचं असेल तर ‘कमाल शाश्वत उत्पादन’ ही कल्पना तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. १९५४ मध्ये शेफर यांनी मांडलेलं सूत्र सोपं आहे: B म्हणजे साठा, K म्हणजे समुद्र पोसू शकेल तेवढा साठा आणि r म्हणजे वाढीचा दर.

वार्षिक वाढ = rB(1 − B/K)

K = 1000 टन, r = 0.4 असे काल्पनिक आकडे घ्या. साठा 500 असताना वाढ सर्वाधिक, म्हणजे 100 टन होते. दरवर्षी तेवढेच मासे काढलेत तर साठा जागेवर राहतो. आता 120 काढून बघा. पाच वर्षांनी साठा साधारण 395 उरतो. घट दिसते, पण घाबरण्यासारखी वाटत नाही. मात्र प्रजनन करणारे मासे कमी झाल्यामुळे वाढही घटत जाते आणि चौदाव्या वर्षी साठा संपतो.

पण B कोणाला दिसतो? खरी अडचण इथे आहे.

कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला आणि परदेशी ट्रॉलरना आवर घातला. धोरणही सावध होतं: दरवर्षी साठ्याचा साधारण पाचवा हिस्साच काढायचा. पण साठा किती, हे ठरवायला दोन खुणा होत्या. एक, व्यापारी ट्रॉलरना तासाभरात मिळणारी मासळी. दुसरी, शास्त्रज्ञांच्या जहाजाने ठरलेल्या पद्धतीने, यादृच्छिक जागी टाकलेली जाळी. ट्रॉलर मासे असतील तिथेच जातो, आणि कॉड कमी झाला तरी थवे करून राहतो. त्यामुळे साठा घटत असतानाही तासाची पकड चांगलीच दिसते. सर्वेक्षणाचे आकडे कमी होते, पण ते वर्षागणिक फार हेलकावे खात. मग १९८०च्या दशकात दोन्हींच्या मधला अंदाज धरला जाऊ लागला. माझ्या मते घात झाला तो इथेच. फसव्या खुणेत खरी खूण मिसळून अर्धसत्यच हाती येणार ना? किनाऱ्याजवळचे मच्छीमार मासे कमी मिळतात, लहान मिळतात म्हणून ओरडत होते, पण त्यांची पकड या हिशेबात नव्हतीच.

१९८९ मध्ये फेरहिशेब झाला. पाचव्या हिश्श्याऐवजी निदान दुप्पट मासळी निघत होती. आदल्या वर्षीचा कोटा २,६६,००० टन होता. नव्या हिशेबाने तो १,२५,००० वर यायला हवा होता. रोजगार जाईल म्हणून सरकारने २,३५,००० ठेवला. पाण्याचं थंड होणंही कॉडला भोवलं असं काही अभ्यासक म्हणतात, आणि तो वाद पूर्ण मिटलेला नाही. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद झाली, तीस हजारांवर माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. या साठ्याची व्यापारी मासेमारी अधिकृतपणे पुन्हा सुरू झाली ती २०२४ मध्ये.