सात घरे, एकोणपन्नास मांजरे आणि सामाईक घात

स्कॉटलंडच्या अलेक्झांडर हेन्री र्‍हाइंड यांनी १८५८ साली इजिप्तमधल्या लक्सर येथे पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. इ.स.पूर्व १५५०च्या सुमारास आहमेस नावाच्या लेखनिकाने त्याहूनही जुन्या लिखाणावरून ती उतरवून काढली होती. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातली बहुतेक गणिते भाकरी, धान्य, जमीन अशा व्यवहारातली आहेत. ७९ क्रमांकाचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे प्रश्न असा लिहिलेलाच नाही, आहे ती फक्त एक यादी:

घरे ७, मांजरे ४९, उंदीर ३४३, गव्हाची कणसे २४०१, धान्याची मापे १६८०७, एकूण १९६०७.

प्रत्येक घरात सात मांजरे, प्रत्येक मांजराने सात उंदीर खाल्ले, अशी गोष्ट आपण या यादीवरून रचतो. ही ७ च्या पहिल्या पाच घातांची बेरीज आहे. गंमत म्हणजे २४०१ च्या जागी आहमेसने २३०१ लिहिले आहे. पण ही चूक नुसती उतरवतानाची. २३०१ धरून बेरीज १९५०७ आली असती. त्याची बेरीज तर बरोबर आहे.

यादीच्या शेजारी आणखी एक छोटी आकडेमोड आहे:

१ → २८०१
२ → ५६०२
४ → ११२०४
एकूण → १९६०७

इजिप्तमध्ये गुणाकार असा दुप्पट करत करत होत असे. १ + २ + ४ = ७, म्हणून हा २८०१ × ७ असा गुणाकार झाला. पण २८०१ आले कुठून? पाचही संख्यांमधून ७ बाहेर काढून पाहू:

७ + ४९ + ३४३ + २४०१ + १६८०७ = ७ × (१ + ७ + ४९ + ३४३ + २४०१)

कंसातली बेरीज बरोबर २८०१ भरते. म्हणजे पहिल्या चार पदांची बेरीज २८००, तिच्यात १ मिळवा आणि ७ ने गुणा, की पाच पदांची बेरीज मिळते. आहमेसने कारण दिलेले नाही, पण आकडे हेच सांगतात.

घातांक वर लहान अक्षरात लिहिण्याची आपली पद्धत देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या पुस्तकाने रूढ केली. तिच्यामुळे आपण उलटा प्रश्नही सहज मांडू शकतो: ७ च्या कोणत्या घातापासून सुरुवात केली, तर लागोपाठच्या पाच घातांची बेरीज १९६०७ होईल? सर्वांत लहान घात ७ˣ बाहेर काढला, की कंसात तेच २८०१ उरतात. ७ˣ × २८०१ = १९६०७, म्हणून ७ˣ = ७ आणि x = १.

आहमेसच्या गुणाकारातले १, २, ४ हेही २ चे लागोपाठचे घात आहेत. वर्गात नेहमी येणारे हे समीकरण पाहा:

२ˣ + २ˣ⁺¹ + २ˣ⁺² = ५६

२ˣ⁺¹ म्हणजे २ˣ × २ आणि २ˣ⁺² म्हणजे २ˣ × ४. म्हणून डावी बाजू २ˣ × (१ + २ + ४), म्हणजे ७ × २ˣ. यावरून २ˣ = ८ आणि x = ३. ताळा: ८ + १६ + ३२ = ५६.

इथे मुले हमखास घातांकांचीच बेरीज करतात आणि डावी बाजू २³ˣ⁺³ लिहितात. घातांक मिळवायचे ते गुणाकारात. इथे बेरीज आहे. नियम पुन्हा सांगण्याऐवजी x = ० घालून पाहायला सांगावे. डावीकडे १ + २ + ४ = ७ येतात, २³ मात्र ८ आहे. सर्वांत लहान घातच बाहेर काढायला हवा असे नाही. २ˣ⁺² बाहेर काढला तर कंसात १/४ + १/२ + १, म्हणजे ७/४ उरते. उत्तर तेच, फक्त अपूर्णांकांचा त्रास वाढतो.

ही रीत कुठवर पुरते? उजवीकडे ५६ ऐवजी ६० असते तर २ˣ = ६०/७ आले असते. ही संख्या ८ आणि १६ यांच्या मध्ये आहे, म्हणून x हा ३ आणि ४ यांच्या मध्ये. अवयव पाडण्याचे काम इथे संपते. नेमकी किंमत काढायला लॉगरिदम लागतात, आणि नेपियरची कोष्टके आली १६१४ साली. २ˣ + ३ˣ = १३ मध्ये तर पायाच वेगवेगळे आहेत, त्यामुळे सामाईक काढण्याजोगा घातच नाही. x = २ हे उत्तर तिथे अंदाजाने सापडते. x वाढला की डावी बाजू वाढतच जाते, म्हणून दुसरे उत्तर असू शकत नाही, हे मात्र वेगळे दाखवावे लागते.