प्रेमाचा संस्कृत टॅटू काढताय? ऑनलाइन भाषांतर असं तपासा

मनगटावर किंवा गळ्याखाली संस्कृतमध्ये 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं गोंदवून घ्यायचं असेल, तर अनेक जण फोनवर ऑनलाइन भाषांतर उघडतात, इंग्रजी वाक्य टाकतात आणि आलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट टॅटू आर्टिस्टला पाठवतात. अक्षरं देवनागरी असल्यामुळे ओळ बरोबरच वाटते. फसगत होते ती इथेच.

भाषांतर का चुकतं?

गूगल ट्रान्सलेटमध्ये संस्कृत मे 2022 मध्ये आली. तेव्हा आलेल्या 24 भाषांसाठी यंत्राला दोन भाषांतली जुळणारी वाक्यं शिकवली नव्हती. फक्त त्या त्या भाषेतला मजकूर वाचून ते भाषांतर करायला शिकलं होतं. हे तंत्र अचूक नाही, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. शिवाय संस्कृतमध्ये शब्दाचं लिंग आणि विभक्ती बदलली की शेवटही बदलतो. दोन-तीन शब्दांच्या ओळीत एक शेवट चुकला, तरी सगळी ओळ बिघडते.

एक उदाहरण पाहू

'आय लव्ह यू'साठी 'अहं त्वां प्रेम करोमि' अशी ओळ बऱ्याच ठिकाणी दिसते. यात 'त्वां' म्हणजे 'तुला'. म्हणजेच वाक्य झालं, 'मी तुला प्रेम करतो'. मराठीतही आपण असं म्हणत नाही. आपण 'तुझ्यावर' म्हणतो आणि संस्कृतचीही रीत तशीच आहे. 'तुझ्यावर' या अर्थी तिथे सप्तमीचं 'त्वयि' हे रूप येतं. त्यामुळे 'त्वयि मम प्रेम' ही साधी आणि शुद्ध ओळ होते.

'त्वयि स्निह्यामि' हेही बरोबर आहे. 'स्निह्यामि'च्या शेवटच्या 'मि'मध्येच 'मी' आलेला असल्याने 'अहं' लिहिण्याची गरज नाही. बोलणारा मुलगा असो की मुलगी, रूप तेच राहतं. फक्त या क्रियापदात माया, जिव्हाळाही येतो. ते आई-वडिलांच्या प्रेमासाठीही वापरलं जातं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'शाश्वतः प्रेमः'. विसर्ग लावला की शब्द संस्कृत झाला, असा अनेकांचा समज असतो. मूळ शब्द आहे 'प्रेमन्' आणि नपुंसकलिंगात त्याचं रूप 'प्रेम' असंच होतं. 'प्रेमः' हे रूप चूक आहे. विशेषणही नपुंसकलिंगी हवं, म्हणून 'शाश्वतं प्रेम' असं लिहायचं.

मग तपासायचं कसं?

आधी आपल्याला काय म्हणायचं आहे ते मराठीत नीट लिहा. 'कायमचं प्रेम' आणि 'मी कायम तुझाच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहा. वामन शिवराम आपटे आणि मोनियर विल्यम्स यांचे संस्कृत कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तिथे शब्दाचं मूळ रूप आणि लिंग कळतं. 'संस्कृत हेरिटेज' या फ्रेंच संकेतस्थळावर मूळ शब्द आणि लिंग दिलं की सगळ्या विभक्तींचा तक्ता मिळतो. आपल्या ओळीतलं रूप त्यात सापडलं नाही, तर थांबा.

तयार ओळ पुन्हा इंग्रजीत भाषांतरित करून पाहणं ही खरी तपासणी नाही. यंत्र चुकीच्या रूपाचाही अंदाज बांधतं आणि बरोबर अर्थ दाखवतं.

त्यापेक्षा संस्कृत शिकवणाऱ्या दोघांना ती ओळ वेगवेगळी पाठवा. अर्थ आधी सांगू नका. 'यात काय लिहिलंय आणि काही चूक आहे का?' एवढंच विचारा. दोघांचं उत्तर तुम्हाला हव्या त्या अर्थाशी जुळलं, तरच पुढे जा.

शेवटची तपासणी स्टेन्सिलवर

शुद्ध ओळही डिझाइन करताना बिघडू शकते. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय सुरू नसेल, तर जोडाक्षरं तुटतात. 'प्रेम'चं 'प् रेम' होतं, 'त्वयि'मधली वेलांटी य च्या पुढे जाऊन पडते. म्हणून मजकूर कॉपी-पेस्ट करून देण्यापेक्षा त्याचं चित्र किंवा पीडीएफ द्या आणि एक प्रिंट सोबत न्या.

सुई लागण्याआधी आर्टिस्ट त्वचेवर स्टेन्सिल उमटवतो. ते पुसून पुन्हा लावता येतं. तेव्हा प्रिंट शेजारी धरून एकेक अक्षर, अनुस्वार आणि वेलांटी जुळवा. गळ्याखाली किंवा पाठीवर टॅटू असेल तर आरशात पाहून वाचू नका, कारण अक्षरं उलटी दिसतात. फोटो काढून तो वाचा. या टप्प्यापर्यंत सापडलेली चूक पुसता येते. नंतर मात्र लेझरची अनेक सेशन्स लागतात.