पावती पुस्तक गेलं, आणि भरलेला दंड ‘बाकी’ दिसू लागला

आपल्या बसस्टँड चौकात हवालदार गाडी बाजूला घ्यायला लावायचे, पावती पुस्तक काढायचे, कार्बन सरकवायचे आणि दंडाची पावती फाडायचे. आठवतंय ना? पैसे घेणारा आणि पावती लिहिणारा हात एकच. त्यामुळे ‘पैसे भरले, पण नोंद नाही’ असं भांडण सहसा होत नसे. झालंच, तर दुसरी प्रत पुस्तकात असायची.

मुंबईत ऑक्टोबर २०१६ पासून सीसीटीव्हीच्या फोटोवरून ई-चलान निघू लागलं. २०१९ मध्ये हीच पद्धत ‘एक राज्य, एक ई-चलान’ म्हणून राज्यभर आली. पुण्यात लागलेला दंड घरबसल्या भरता येऊ लागला. सोय झाली, पण एका हाताचं काम तिघांत वाटलं गेलं. पैसे कापते बँक. ते पुढे पोचवते मधली पेमेंट गेटवे कंपनी. आणि चलानसमोर ‘भरलं’ अशी नोंद होते तिसऱ्याच संगणकावर. गेटवेचा ‘पैसे मिळाले’ हा निरोप तिथपर्यंत गेला नाही, की पैसे गेलेले आणि दंड बाकी!

माझ्या मावसभावाचं हेच झालं. ५०० रुपयांचं चलान होतं. त्यानं यूपीआयनं भरलं, पैसे कापले गेले, पण पान गोल गोल फिरत राहिलं. परत उघडलं तर चलान बाकीच. गडी घाबरला, त्यानं लगेच पुन्हा ५०० भरले. तरीही बाकी. मोटरसायकल विकायला काढलेली, आणि घेणारा म्हणाला, ‘आधी चलान क्लिअर करा, नाहीतर नावावर होताना अडकेल.’ तिसऱ्यांदा भरायच्या तयारीत असताना तो माझ्याकडे आला.

आम्ही आधी ॲपचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवला आणि बँकेचं स्टेटमेंट काढलं. त्यात बघायचं एवढंच, की कापलेली रक्कम नंतर परत जमा झाली का. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं खात्यातून पैसे गेले, पण घेणाऱ्याकडे पोच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून पहिले ५ दिवस थांबायचं आणि पुन्हा भरायचं नाही.

सहाव्या दिवशीही दोन्ही रकमा परत आल्या नव्हत्या. बँकेनं दोन्ही व्यवहार ‘यशस्वी’ असल्याचं सांगितलं. म्हणजे पैसे गेटवेपर्यंत पोचले होते आणि घोळ नोंदीत होता. अशा वेळी बँकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. तक्रार चलानच्या यंत्रणेकडे करायची, आणि ज्या साइटवर पैसे भरले तिथेच करायची. राज्याची mahatrafficechallan.gov.in आणि केंद्राची echallan.parivahan.gov.in या दोन वेगळ्या साइट आहेत. एकीकडची तक्रार दुसरीकडे कुणी शोधत बसत नाही.

अर्ज अर्ध्या पानाचा केला. चलान क्रमांक, गाडी नंबर, दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा १२ आकडी क्रमांक. सोबत स्टेटमेंटचं पान. हा १२ आकडी क्रमांकच आजचा कार्बन. त्यावरूनच पैसे आणि चलान यांची जोडणी होते. मागण्या दोन आणि वेगवेगळ्या लिहिल्या: पहिला व्यवहार या चलानला जोडून नोंद दुरुस्त करा, आणि दुसरा व्यवहार ज्या खात्यातून आला तिथे परत करा. एक प्रत वाहतूक शाखेत देऊन पोच घेतली. तिथल्या कर्मचाऱ्यानं स्पष्ट सांगितलं, ‘आम्ही इथून रोख परत देऊ शकत नाही, पैसे खात्यातच येतील.’

चलान १२ दिवसांत ‘भरलेलं’ दिसलं. दुसरे ५०० यायला आणखी महिना गेला.

दोन चुका टाळा. बँकेत दोन्ही व्यवहारांवर वाद घालू नका. दोन्ही रकमा परत आल्या तर चलान पुन्हा बाकी होईल. आणि प्रकरण कोर्टाकडे गेलं असेल, किंवा लोकअदालतीची नोटीस आली असेल, तर ‘मी तर भरलंय’ म्हणून घरी बसू नका. स्टेटमेंट आणि पोच घेऊन हजर व्हा, कारण तिथे यादीत तुमचं नाव थकबाकीदार म्हणूनच असतं.

मावसभावाची गाडी गेल्या आठवड्यात घेणाऱ्याच्या नावावर झाली. पोच मात्र त्यानं अजून जपून ठेवलीय. तुमचंही असं अडकलं असेल, तर कोणत्या साइटवर भरलं होतं ते कमेंटमध्ये लिहा. चलान नंबर मात्र इथे टाकू नका.