भारतातील सोन्याचे अधिमूल्य

भारतातील सोन्याचे अधिमूल्य म्हणजे लंडनच्या भावाने सोने आयात केल्यास येणारा खर्च आणि देशातील घाऊक बाजारातील प्रत्यक्ष भाव यांतील फरक होय. बाजारात त्यास ‘प्रीमियम’ म्हणतात. स्थानिक भाव आयातखर्चाहून कमी असल्यास त्या फरकास ‘बट्टा’ किंवा ‘डिस्काउंट’ असे म्हणतात. हा फरक औंसाला अमुक डॉलर असा सांगण्याची पद्धत आहे. भारत आपल्या गरजेचे बहुतेक सोने आयात करत असल्याने अधिमूल्य हे स्थानिक मागणीचे निदर्शक मानले जाते. मात्र पुरवठ्यावर निर्बंध असताना ते फसवे ठरते.

## गणना

लंडनचा भाव प्रति ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम शुद्ध सोन्यास, डॉलरमध्ये सांगितला जातो. तो रुपयांत बदलून दहा ग्रॅमचा भाव काढतात व त्यात आयात शुल्क मिळवतात. उदाहरणार्थ, लंडनचा भाव २,००० डॉलर, डॉलरचा दर ८० रुपये आणि शुल्क १० टक्के मानल्यास दहा ग्रॅमचे मूळ मूल्य ५१,४४१ रुपये व शुल्कासह ५६,५८५ रुपये होते. त्याच वेळी मुंबईच्या झवेरी बाजारात वस्तू व सेवा कर वगळून घाऊक भाव ५६,८४२ रुपये असेल, तर अधिमूल्य २५७ रुपये, म्हणजेच औंसाला सुमारे १० डॉलर ठरते.

दोन्ही भाव एकाच क्षणाचे असणे आवश्यक असते. लंडनचा दुपारचा अधिकृत भाव भारतीय वेळेनुसार सायंकाळी उशिरा ठरतो. त्याची तुलना मुंबईच्या दुपारच्या भावाशी केल्यास मधल्या काळातील चढउतारच अधिमूल्य म्हणून दिसतो. दागिन्यांच्या घडणावळीचा या गणनेशी संबंध नसतो.

## मागणीशी संबंध

लंडनच्या तिजोऱ्यांतील विटा सुमारे १२.५ किलोच्या असतात. त्या वितळवून एक किलोच्या लगडी करणे, विमा आणि वाहतूक यांना खर्च व वेळ लागतो. सराफांची खरेदी वाढली की देशातील साठा अपुरा पडतो आणि भाव आयातखर्चाच्या वर जातो. अधिमूल्यातून हा खर्च निघू लागला की बँका व अन्य अधिकृत आयातदार अधिक सोने मागवतात आणि अधिमूल्य पुन्हा उतरते. मागणी मंदावल्यास हाती साठा असलेले व्यापारी आयातखर्चाहून कमी भावाने विकतात.

लंडनचा भाव एकाएकी चढल्यास ग्राहक थांबतात, घरातील जुने सोने मोडीसाठी येते आणि बट्टा वाढतो. भाव घसरल्यास याच्या उलट घडते. सणांपूर्वी सराफ आधीच साठा करतात. त्यामुळे धनत्रयोदशीची मागणी अधिमूल्यात त्या दिवसापेक्षा आधीच्या आठवड्यांत अधिक दिसते.

## २०१३ मधील विक्रमी अधिमूल्य

चालू खात्यावरील तूट आटोक्यात आणण्यासाठी २०१३ मध्ये सोन्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. जुलै २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आयातीचा किमान पाचवा हिस्सा निर्यातदारांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले. हा नियम ‘८०:२०’ या नावाने ओळखला गेला. त्यानंतर अधिकृत आयात झपाट्याने घटली आणि डिसेंबर २०१३ मध्ये अधिमूल्य औंसाला सुमारे १६० डॉलरपर्यंत गेले. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम दहा ग्रॅमला सुमारे ३,२०० रुपये होते.

हा आकडा मागणीच्या उसळीचा नव्हता. एरवी अधिमूल्य वाढताच आयात वाढून ते खाली येते. येथे तो मार्गच बंद होता. ते अधिमूल्य आणि चुकवलेले शुल्क मिळून तस्करांचा नफा ठरला व तस्करी वाढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये हा नियम रद्द झाला.

## मर्यादा

यामुळे अधिमूल्य आयातीच्या आकड्यांसह वाचावे लागते. दोन्ही वाढत असतील तर मागणी वाढल्याचे मानता येते. अधिमूल्य वाढून आयात घटत असेल तर कारण बहुधा पुरवठ्याच्या अडसरात असते. चीनमध्येही आयातीस मध्यवर्ती बँकेची परवानगी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये शांघायचे अधिमूल्य औंसाला १०० डॉलरच्या पुढे गेले, त्यामागे आयातीवरील मर्यादा हे एक कारण होते.

बट्टाही नेहमी मंदीच दर्शवत नाही. शुल्क जास्त असताना तस्करीचे सोने शुल्क चुकवून आल्याने अधिकृत आयातखर्चापेक्षा कमी भावाने विकणे परवडते. अशा वेळी ग्राहकांची खरेदी चांगली असूनही बाजारभाव बट्ट्यात राहू शकतो. शिवाय शुल्काची आकारणी सरकार साधारणतः पंधरवड्याने जाहीर करत असलेल्या आधारमूल्यावर होते. लंडनचा भाव त्या काळात वेगाने बदलल्यास प्रत्यक्ष शुल्क आणि गणनेत धरलेले शुल्क यांत तफावत पडते. म्हणून काही डॉलरांच्या अल्पकालीन बदलावरून मागणीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.