टाचण : प्रशिक्षणाच्या सादरीकरणावरून
शिक्षक-प्रशिक्षणात दाखवलेल्या स्लाइडवरून एका तासिकेसाठी तयार केलेली, कृती व मिनिटे नोंदवलेली पाठयोजना. प्रशिक्षणातली पीपीटी केंद्राच्या शिक्षण परिषदेतून किंवा व्हॉट्सॲपवरून शाळेपर्यंत येते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या ज्ञानरचनावादी शाळा २०१५ च्या सुमारास राज्यभर गाजल्या. तेव्हापासून काड्या-गठ्ठ्यांच्या कृती अशा सादरीकरणांत हमखास आढळतात.

स्लाइडवरची वेळ जशीच्या तशी टाचणात उतरवली की पाठ फसतो. कार्यशाळेत ती कृती मोठी माणसे करतात. त्यांना वजाबाकी येत असते आणि साहित्य टेबलावर आधीच मांडलेले असते. वाटप व आवराआवर यांची मिनिटे स्लाइडवर नसतात, वर्गात मात्र ती द्यावीच लागतात.

उदाहरणार्थ, दुसरीच्या ३० मुलांना ५२ − २७ ही दशक सुटा करण्याची वजाबाकी शिकवायची आहे. पाच-पाचांचे सहा गट केले तर ३१२ काड्या पुरतात. पण गटात गठ्ठा एकच मूल सोडते आणि बाकीची पाहत बसतात. जोड्या केल्या तर ७८० काड्या लागतात, तेवढ्या शाळेत क्वचितच असतात. मध्यम मार्ग तीन-तीनांच्या दहा गटांचा. त्याला ५२० काड्या लागतात, आणि एक मूल काड्या हाताळते, दुसरे बोलते, तिसरे वहीत मांडते.

४० मिनिटांची तासिका मग अशी बसते. गट व वाटप ५ मिनिटे. गठ्ठा न सोडता सुटणारे ५२ − २१ हे उदाहरण ५ मिनिटे. पुढची १५ मिनिटे मुख्य कृतीची: दोन सुट्या काड्यांतून सात काढता येत नाहीत हे मुलांना आधी अडून कळू द्यायचे, मगच एक गठ्ठा सोडायचा. फळ्यावरील मांडणीला ७ मिनिटे, एकट्याने सोडवायच्या एका उदाहरणाला ५, आवरायला ३. मुख्य कृती लांबली तर फळ्याची मांडणी दुसऱ्या दिवशी घ्यावी. एकट्याने सोडवायचे उदाहरण मात्र कापू नये.

कारण चूक तिथेच दिसते. त्यासाठी ६१ − ३४ द्यावे. उत्तर ३३ आले, तर मुलाने एककात उलटे, चारातून एक वजा केले आहे. म्हणजे गठ्ठा काडीत सुटला, डोक्यात नाही. २७ आले तर पुढे जावे. ३७ आले तर गठ्ठा सोडला, पण दशक कमी करायचा राहिला. या दोन चुकांना दुसऱ्या दिवशी वेगवेगळा सराव लागतो. म्हणून टाचणाच्या शेवटी ‘उद्दिष्ट साध्य’ असा ठरलेला शेरा लिहिण्यापेक्षा किती मुलांची ३३ आणि किती जणांची ३७ आली, हे लिहिलेले उपयोगी.

पाटण, जावळी किंवा जतकडच्या द्विशिक्षकी शाळेत हे वेळापत्रक आणखी बदलते. मुख्य कृतीच्या १५ मिनिटांत शेजारच्या इयत्तेला स्वतः करता येईल असे काम टाचणात दुसऱ्या रकान्यात लिहावे लागते. हा रकाना एकाच इयत्तेचा वर्ग गृहीत धरणाऱ्या स्लाइडवर नसतो.