एक डोळा झाकून वाचणारी मुलगी

शाळेतली डोळ्यांची तपासणी आपल्या परिचयाची आहे. मूल तक्त्यापासून सहा मीटरवर उभे राहते, एक डोळा झाकून अक्षरे वाचते, मग दुसरा झाकते. शेवटची ओळ वाचली की ‘नजर उत्तम’ असा शेरा मिळतो. ही तपासणी आवश्यकच आहे, पण तिच्यात दोन गोष्टी पाहायच्या राहून जातात. जवळचे वाचताना काय होते, आणि दोन्ही डोळे एकत्र कसे चालतात?

समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या शाळेत आठवीतली एक मुलगी आहे. तक्ता ती पूर्ण वाचते, फळ्यावरचेही बिनचूक उतरवते. पुस्तक उघडून वीस मिनिटे झाली की मात्र तिचे कपाळ दुखू लागते. ओळी एकमेकींत शिरतात, वाचलेलीच ओळ ती पुन्हा वाचते. सुट्टीच्या दिवशी डोके दुखत नाही, त्यामुळे घरात ‘अभ्यास टाळायचे निमित्त’ असा निकाल लागतो. शिक्षकाने नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. वाचताना ती तळहाताने एक डोळा झाकते. एका डोळ्याने वाचले की बरे वाटत असेल, तर दोन डोळ्यांच्या जुळणीकडे संशय वळायला हवा.

दूरचा फळा पाहताना आपले दोन्ही डोळे जवळजवळ समांतर असतात. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरले की प्रत्येक डोळ्याला सुमारे पाच अंश नाकाकडे वळावे लागते, आणि वाचन चालेल तितका वेळ तसेच राहावे लागते. या वळण्याला अभिसरण म्हणतात. ते थोडे जरी कमी पडले तरी एकाच अक्षराच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकत्र ठेवण्यासाठी सतत जोर लावावा लागतो, आणि डोके दुखते ते या जोरामुळे.

बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी १८५५ साली या तक्रारीचे वर्णन केले. डोळा आत वळवणारा स्नायू कमकुवत आहे, असे त्यांचे निदान होते. मग बाहेर ओढणारा स्नायू शस्त्रक्रियेने सैल करावा, हा उपाय ओघानेच आला. पण आपल्या मुलीला मान न हलवता डावीकडे पाहायला सांगा. तिचा उजवा डोळा नाकाच्या कोपऱ्यापर्यंत सहज जातो, आणि हे काम तोच ‘कमकुवत’ स्नायू करतो. स्नायू धडधाकट आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी आत या, असे सांगणारी मेंदूची यंत्रणा कमी पडते आहे. ‘डोळ्यांचे स्नायू कमजोर’ हा शब्दप्रयोग आजही दवाखान्यांत ऐकू येतो. समजावायला तो सोपा आहे, पण त्याने दिशाभूल होते.

यावर व्यायाम करावा, हा विचार आला तो तिरळेपणाच्या उपचारातून. एमिल जाव्हाल (१८३९–१९०७) हे पॅरिसचे गृहस्थ, शिक्षणाने खाण अभियंता. त्यांची बहीण तिरळी होती. तिच्यावर त्या काळची बेभरवशाची शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून ते या विषयात शिरले आणि पुढे नेत्रवैद्यक झाले. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली जगापुढे मांडलेला स्टिरिओस्कोप त्यांनी हाती घेतला. या उपकरणात प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दिसते आणि मेंदू दोन्हींचे एक करतो. चित्रे थोडी थोडी सरकवत नेली की डोळ्यांना एकत्र वळण्याचा सराव होतो. हे काम अतिशय चिकाटीचे होते. १८९६ साली त्यांनी तिरळेपणावर ग्रंथ लिहिला. उतारवयात काचबिंदूने त्यांची स्वतःची दृष्टी गेली. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट मॅडॉक्स यांनी अभिसरण अनेक घटकांचे बनते हे दाखवले, आणि त्यांची मुलगी मेरी ही त्या देशातली पहिली ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे डोळ्यांची जुळणी तपासून व्यायाम देणारी तंत्रज्ञ, ठरली.

याच सुमारास ‘डोळ्यांचे व्यायाम’ या नावाखाली दुसराच प्रवाह सुरू झाला. अमेरिकेच्या विल्यम बेट्स यांनी १९२० साली पुस्तक लिहून, व्यायामाने चष्मा सुटतो असा दावा केला. तो दावा टिकला नाही. डोळ्याच्या गोलाची लांबी व्यायामाने बदलत नाही. आपल्याकडे आजही दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून हे सांगावे लागते.

आता आपल्या मुलीकडे वळू. पेन्सिलीचे टोक हातभर अंतरावरून हळूहळू तिच्या नाकाच्या मुळाकडे न्यायचे आणि ‘दोन दिसली की सांग’ असे म्हणायचे. साधारणपणे टोक सहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसते. समजा, हिला चौदावर दोन दिसू लागली. हीच कृती चार-पाच वेळा केली आणि अंतर अठरावर गेले, तर डोळे थकत आहेत असे समजावे. काही मुले ‘दोन’ म्हणतच नाहीत, कारण मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. म्हणून मुलीच्या उत्तराइतकेच तिच्या डोळ्यांकडे पाहावे. एक डोळा मध्येच बाहेर सरकताना दिसतो. शिक्षकाने निदान करू नये, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तिथे आधी चष्म्याचा नंबर पाहतात, कारण न सुधारलेल्या दीर्घदृष्टीमुळेही हीच लक्षणे दिसतात. अचानक दोन दिसू लागणे, किंवा सकाळी उलटीसह डोके दुखणे, ही गोष्ट निराळी आहे. तिथे व्यायामात वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

व्यायामांपैकी एक वर्गातही करून पाहण्यासारखा आहे. दोन-तीन मीटर दोरीत तीन रंगीत मणी ओवायचे, एक टोक खिडकीला बांधायचे आणि दुसरे नाकाला टेकवायचे. मधल्या मण्याकडे पाहिले की मणी एक, पण दोऱ्या दोन दिसतात आणि त्या मण्यावर फुली करतात. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. दोरी एकच दिसली तर एक डोळा ‘बंद’ आहे. ही ब्रॉक यांची दोरी. विद्यार्थ्याला आपली चूक तिच्यात स्वतःलाच दिसते.

पण व्यायामांचा उपयोग होतो कशावरून? दीडशे वर्षे हे अनुभवावरच चालले होते. २००८ साली अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. एका गटाला दर आठवड्याला तासभर दवाखान्यात सराव आणि जोडीला घरी थोडा सराव दिला. त्यातली ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल नाकाकडे आणणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. गंमत पुढेच आहे. एका गटाला दवाखान्यात खऱ्यासारखा वाटणारा खोटाच व्यायाम दिला होता, आणि त्यातलीही ३५ टक्के मुले सुधारली! म्हणजे सर्वांत जास्त सांगितला जाणारा पेन्सिलीचा व्यायाम एकट्याने फारसे साधत नाही. खोट्या व्यायामाचा गट ठेवला नसता तर हे कळलेच नसते.

प्रौढांची गोष्ट थोडी वेगळी. पिंपरीच्या एखाद्या कारखान्यात दिवसभर व्हर्निअरवरचे आकडे वाचणाऱ्या पंचेचाळिशीच्या तपासनिसाला वाचनाचा चष्मा लागतो. जवळचे स्पष्ट पाहण्यासाठी भिंगाला जोर लावला की डोळे आपोआप थोडे आत वळत. चष्म्याने तो जोर वाचतो, पण त्यासोबतचे वळणेही कमी होते. काहींची डोकेदुखी नव्या चष्म्यानंतर सुरू होते ती यामुळे. अशा वयात चष्म्यात लोलक बसवून आराम पडू शकतो. मुलांत मात्र २००५ सालच्या चाचणीत लोलकाचा चष्मा साध्या चष्म्याहून सरस ठरला नाही. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसल्यावरही अभिसरण बिघडू शकते.

२०१९ साली त्याच संशोधकगटाने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. व्यायामाने वाचलेले समजण्याची क्षमता वाढते का? सोळा आठवड्यांनंतर खरा आणि खोटा व्यायाम करणारी मुले आकलनाच्या परीक्षेत सारखीच ठरली. आपल्या मुलीचे कपाळ दुखायचे थांबेल, पेन्सिल पाच सेंटिमीटरपर्यंत एकच दिसेल, डोळ्यावरचा हात खाली येईल. तिला वाचनाची अन्य काही अडचण असेल, तर तिच्यासाठी शिक्षकाला वेगळे बसावे लागेल.